क्लेम मंजूर, पण रक्कम कापलेली: विमा कंपनीकडून कपातीची लेखी कारणं कशी मागायची?

खालचे प्रश्न आरोग्य विम्याबद्दलचे आहेत. क्लेम पूर्ण नाकारला गेला तर माणूस भांडतो. मंजूर होऊन तिसरा हिस्सा कापला गेला की मात्र "निदान एवढे तरी आले" म्हणून गप्प बसतो. इथला सगळा भर त्या कापलेल्या तिसऱ्या हिश्श्यावर, आणि त्यातही रूम रेंटमुळे होणाऱ्या कपातीवर आहे, कारण मोठी रक्कम बहुतेक वेळा तिथेच जाते.

कपातीचं कारण लेखी देणं कंपनीवर बंधनकारक आहे का? की ती मेहेरबानी?

बंधनकारक आहे. विमा कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या आयआरडीएआयच्या २९ मे २०२४ च्या आरोग्य विम्यावरच्या मास्टर सर्क्युलरनुसार क्लेम नाकारला किंवा अंशतः नामंजूर केला, तर त्याचा पूर्ण तपशील विमाधारकाला कळवायचा असतो, आणि पॉलिसीतल्या नेमक्या कोणत्या अटीनुसार तसं केलं तेही सांगायचं असतं. म्हणजे मंजूर क्लेममधून कापलेला पैसाही या नियमाखाली येतो. "पॉलिसीच्या अटी व शर्तींनुसार कपात" एवढं एक वाक्य लिहून कंपनीला मोकळं होता येत नाही. कोणती अट, कलमाचा क्रमांक काय, बिलातली कोणती ओळ, किती रुपये, हे सगळं तिने सांगायला हवं.

मला सेटलमेंट लेटर आलंय. त्यात कपातीचा आकडा आहे, कारणही आहे. मग आणखी काय मागायचं?

आधी ते कारण नीट वाचा. बऱ्याच पत्रांत "नॉन-पेएबल", "ॲज पर टी अँड सी", "रीझनेबल अँड कस्टमरी", "प्रपोर्शनेट डिडक्शन" असे दोन-तीन शब्द असतात आणि शेजारी एकच एकत्रित रक्कम. हे शब्द म्हणजे कपातीचा प्रकार झाला. कारण अजून कळायचंच आहे. खरं कारण कळलं की तुम्ही कागद-पेन घेऊन तोच आकडा स्वतः काढू शकता. पत्र वाचून तो आकडा काढता येत नसेल, तर तुम्हाला कारण मिळालेलंच नाही, असं खुशाल समजा.

कॅशलेसमध्ये आणखी एक अडचण असते. डिस्चार्जच्या दिवशी सगळी घाई असते. बिलिंग काउंटरवरचा माणूस "विम्याने एवढे दिले, उरलेले तुम्ही भरा" म्हणतो, आपण कार्ड पुढे करतो आणि पेशंटला घेऊन घरी येतो. कंपनीने हॉस्पिटलला पाठवलेलं फायनल ऑथोरायझेशन लेटर आपल्या हातात येतच नाही. ते मागून घ्या. कपातीचा तपशील त्यातच असतो. त्या दिवशी राहून गेलं असेल, तर नंतर टीपीएच्या, म्हणजे कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या, पोर्टलवरून किंवा कंपनीकडून मागवता येतं.

प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणजे नक्की काय? खोलीचे जास्तीचे पैसे मी भरलेच होते, मग डॉक्टरांच्या फीमधून का कापले?

ही सगळ्यात जास्त चिडवणारी कपात आहे. पॉलिसीत खोलीच्या भाड्याला मर्यादा असते, बऱ्याचदा विमा रकमेच्या १ टक्का प्रतिदिन. तुम्ही त्याहून महागडी खोली घेतली, तर कंपनी म्हणते की महाग खोलीतल्या पेशंटला हॉस्पिटल शस्त्रक्रियेचे, भूलतज्ज्ञाचे, व्हिजिटचेही जास्त पैसे लावतं, म्हणून त्या खर्चांनाही तेवढ्याच प्रमाणात कात्री लागेल. हे म्हणणं सरसकट चुकीचं नाही. पुष्कळ मोठ्या हॉस्पिटलांत जनरल वॉर्ड, ट्विन शेअरिंग आणि सिंगल रूम यांचे शस्त्रक्रियेचे दर खरंच वेगवेगळे असतात.

पण या कात्रीला हद्द आहे. २०२० साली आयआरडीएआयने ती आखून दिली. प्रमाणशीर कपात फक्त खोलीच्या दर्जाशी निगडित अशा खर्चांना लावता येते. औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट व वैद्यकीय उपकरणं आणि तपासण्या यांना ती लावता येत नाही. आयसीयूच्या खर्चालाही नाही. शिवाय ज्या हॉस्पिटलात खोलीनुसार दर बदलतच नाहीत, किंवा ज्या खर्चाचा दर खोलीनुसार बदलत नाही, तिथेही ती लागू होत नाही. तुमच्या पॉलिसीच्या पुस्तिकेत "असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस" अशी व्याख्या सापडेल, ती काढून समोर ठेवा. भांडणाचा मुद्दा तिच्यातच आहे.

एखादं उदाहरण घेऊन दाखवता का?

समजा, विमा रक्कम ५ लाख, रूम रेंटची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी चार दिवस ॲडमिट. घेतलेली खोली ८,००० रुपयांची. बिल असं आलं:

खोली ३२,०००. सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर मिळून ८०,०००. औषधं २८,०००. हर्नियाला बसवलेली जाळी १८,०००. रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी वगैरे १२,०००. ॲडमिशन किट, फाइल चार्जेस असलं किरकोळ ४,०००. एकूण १,७४,०००.

कंपनीने मंजूर केले १,०६,२५०. कापले ६७,७५०. पत्रात दोनच ओळी: "नॉन-मेडिकल ४,०००" आणि "प्रपोर्शनेट डिडक्शन ६३,७५०".

आता आकडा उलटा सोडवू. ८,००० पैकी ५,००० म्हणजे ६२.५ टक्के मान्य, ३७.५ टक्के कापायचे. १,७४,००० मधून ४,००० काढले की उरतात १,७०,०००. त्याचे ३७.५ टक्के बरोबर ६३,७५०. म्हणजे कंपनीने सगळ्या बिलावर एकच रंधा फिरवला. औषधं, जाळी, तपासण्या, काहीच सोडलं नाही.

नियमाप्रमाणे हिशोब असा व्हायला हवा होता. खोलीचे २०,००० मान्य, १२,००० कापले. शस्त्रक्रियेच्या ८०,००० पैकी ५०,००० मान्य, ३०,००० कापले. औषधं, जाळी आणि तपासण्या मिळून ५८,००० पूर्ण मान्य. किरकोळ ४,००० नामंजूर. देय रक्कम १,२८,०००. म्हणजे २१,७५० रुपये जास्त कापले गेले, आणि हा आकडा ५८,००० च्या बरोबर ३७.५ टक्के आहे. कंपनीची चूक कुठे झाली हे त्यावरूनच कळतं.

आणखी एक पायरी आहे, ती बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. हे हॉस्पिटल छोट्या गावातलं असेल आणि तिथे सर्जनची फी व थिएटरचा दर सगळ्या खोल्यांना सारखाच असेल, तर ८०,००० वरची ३०,००० ची कपातही टिकत नाही. मग देय रक्कम १,५८,००० होते. त्यासाठी हॉस्पिटलकडून त्यांच्या लेटरहेडवर दोन ओळींचं पत्र घ्यावं लागतं, की शस्त्रक्रियेचे दर खोलीच्या प्रकारानुसार बदलत नाहीत. सोबत दरपत्रक मिळालं तर उत्तम. तालुक्याच्या ठिकाणची बरीच हॉस्पिटलं असं पत्र देतात. त्यांना फक्त मागावं लागतं.

पॉलिसीत को-पे, म्हणजे क्लेममधला तुम्ही स्वतः भरायचा ठरलेला हिस्सा असेल, तर तो वर काढलेल्या देय रकमेतून शेवटी वजा होतो. त्यामुळे आधीची कपात चुकली तर को-पेचा आकडाही चुकतो. दोन्ही तपासा.

मग पत्रात काय लिहायचं? नमुना मिळेल का?

पत्र लहान ठेवा. संताप, पॉलिसी किती वर्षं चालू आहे, एजंटने काय सांगितलं होतं, हे सगळं बाजूला ठेवा. त्याने उत्तर देणाऱ्याला मूळ प्रश्न टाळायला जागा मिळते. वरच्या उदाहरणावरून:

"विषय: क्लेम क्रमांक … मधील ६७,७५० रुपयांच्या कपातीची ओळवार लेखी कारणं मिळण्याबाबत.

महोदय, वरील क्लेम १,७४,००० रुपयांचा होता. त्यापैकी १,०६,२५० रुपये मंजूर झाले. आपल्या … तारखेच्या पत्रात कपातीचा तपशील अपुरा आहे. कृपया पुढील माहिती लेखी द्यावी.

१. हॉस्पिटलच्या बिलातील प्रत्येक ओळीसमोर मागितलेली रक्कम, मंजूर रक्कम, कापलेली रक्कम आणि त्यासाठी लावलेलं पॉलिसीतील कलम.

२. प्रमाणशीर कपात कोणकोणत्या खर्चांना लावली, कोणत्या प्रमाणात, आणि औषधं, इम्प्लांट व तपासण्यांना ती लावली असल्यास कोणत्या कलमाच्या आधारे.

३. सदर हॉस्पिटलात खोलीनुसार दर बदलतात, हे कशावरून ठरवलं, त्याची प्रत.

माझ्या हिशोबाने देय रक्कम किमान १,२८,००० रुपये होते. हिशोब सोबत जोडला आहे. फरकाची रक्कम द्यावी किंवा न देण्याचं कारण कलमासह कळवावं."

एवढं पुरे. तिसरा मुद्दा गाळू नका. तो विचारला नाही, तर दर बदलतातच असं कंपनी गृहीत धरते.

हे पत्र टीपीएला पाठवायचं की कंपनीला?

कंपनीला, आणि प्रत टीपीएला. टीपीए कंपनीच्या वतीने कागद तपासतो, पण पॉलिसीचा करार तुमचा आणि कंपनीचा आहे. टीपीएच्या कॉल सेंटरशी फोनवर बोलून वेळ जातो आणि हातात काहीच राहत नाही. फोन करायचाच असेल तर करा, पण त्यानंतर "आज आपल्या प्रतिनिधीने असं सांगितलं" म्हणून लगेच एक मेल टाका. कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा मेल आयडी असतो. पत्र तिथे पाठवा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. शाखेत हाताने दिलं, तर आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोच नसलेलं पत्र पुढे दिलंच नव्हतं असं धरलं जातं.

मराठीत लिहिलं तर चालेल?

मराठीत लिहायला हरकत नाही. पण क्लेम तपासणारी माणसं बऱ्याचदा दुसऱ्या राज्यात बसलेली असतात, त्यामुळे कलमांची नावं पॉलिसीत आहेत तशीच इंग्रजीत लिहा आणि आकड्यांचा तक्ता सोबत जोडा. आकड्यांना भाषांतर लागत नाही.

उत्तर किती दिवसांत यायला हवं?

तक्रार म्हणून नोंदवलेल्या पत्राचा निकाल कंपनीने १४ दिवसांत लावायचा असतो. साधी "क्वेरी" म्हणून नोंद झाली तर हे घड्याळ सुरूच होत नाही, म्हणून विषयात किंवा मजकुरात "तक्रार" हा शब्द असू द्या.

उत्तर आलं, पण त्यात तेच "रीझनेबल अँड कस्टमरी". आता?

हा शब्दप्रयोग पॉलिसीत व्याख्या करून दिलेला आहे. ढोबळ अर्थ असा, की त्या हॉस्पिटलाचा नेहमीचा आणि त्या भौगोलिक भागात तशाच उपचाराला आकारला जाणारा दर. म्हणजे कंपनीला तुलना दाखवावी लागेल: तुमच्याच भागातली कोणती हॉस्पिटलं, कोणता उपचार, कोणता दर. सोलापूरच्या बिलाची तुलना सोलापुरातल्या दरांशी व्हायला हवी. "आमच्या अंतर्गत दरांनुसार" असं उत्तर आलं, तर ते दर पॉलिसीत कुठे आहेत ते विचारा. पॉलिसीत नसलेला दर तुम्ही मान्य केलेला नाही.

ग्लोव्हज, मास्क, फाइल चार्जेस यांची कपात बरोबर असते का?

बरीचशी बरोबर असते. न मिळणाऱ्या वस्तूंची यादी पॉलिसीच्या शेवटी जोडलेली असते. पण ती यादी चार भागांत असते आणि लोक फक्त पहिला भाग वाचतात. पहिल्या भागातल्या वस्तू तुमच्या खिशातून जातात, तुम्ही कन्झ्युमेबल्सचं जास्तीचं कव्हर घेतलं असेल तर वेगळं. बाकीच्या तीन भागांतल्या वस्तू खोलीच्या भाड्यात, शस्त्रक्रियेच्या किंवा उपचाराच्या खर्चात धरलेल्याच असतात, हॉस्पिटलने त्या वेगळ्या लावायच्याच नसतात. त्यामुळे कपातीच्या पत्रात कोणती वस्तू कोणत्या भागातली, हे कळलं तर उरलेलं भांडण विमा कंपनीशी न करता हॉस्पिटलच्या बिलिंगशी करता येतं. शंभर-दोनशे रुपयांसाठी नका करू, पण मोठ्या शस्त्रक्रियेत हा आकडा कधीकधी पाच अंकी होतो.

कपातीत "हॉस्पिटल डिस्काउंट" अशी ओळ आहे. ती मी का भरायची?

भरायची नाही. नेटवर्क हॉस्पिटल आणि कंपनी यांच्यात ठरलेल्या दरांमुळे किंवा सवलतीमुळे कमी झालेली रक्कम कंपनी हॉस्पिटलला देत नाही, आणि हॉस्पिटलने ती पेशंटकडून घ्यायची नसते. कॅशलेसमध्ये ही ओळ इतर कपातींत मिसळून गेली, की काउंटरवर ती तुमच्याच माथी मारली जाते. ओळवार तपशील मागण्याचं हे एक कारण त्या एकट्यासाठीही पुरेसं आहे. आधीच भरली असेल, तर ऑथोरायझेशन लेटरची प्रत जोडून हॉस्पिटलकडे परत मागा, आणि तक्रारीची एक प्रत विमा कंपनीलाही द्या. नेटवर्क करार तिचा आहे.

मी डिस्चार्ज व्हाउचरवर "फुल अँड फायनल" म्हणून सही केली. आता मागता येणार नाही ना?

येतं. आयआरडीएआयने सप्टेंबर २०१५ च्या परिपत्रकात कंपन्यांना स्पष्ट बजावलं होतं, की अशा व्हाउचरवर सही झाली म्हणून विमाधारकाचा न्यायालयीन मंचाकडे जास्त रक्कम मागण्याचा हक्क संपत नाही. तरी कंपनी ते व्हाउचर पुढे करणारच. त्यामुळे सही करताना "कपात मान्य नाही, हक्क राखून रक्कम स्वीकारली" असं हाताने लिहिलेलं बरं. पैसे थेट खात्यात जमा झाले असतील, तर त्याच आठवड्यात तशी मेल पाठवा. ऑगस्टमध्ये पैसे घेतले आणि पुढच्या मार्चमध्ये आठवण झाली, तर तुम्हाला ते तेव्हा मान्य होतं, असा युक्तिवाद समोरून होणार.

कंपनीने उत्तरच दिलं नाही, किंवा दिलं ते पटलं नाही. पुढे कुठे जायचं?

पहिलं ठिकाण बीमा भरोसा पोर्टल, bimabharosa.irdai.gov.in. फोनवरून १५५२५५. हे लक्षात ठेवा की आयआरडीएआय इथे निवाडा करत नाही. तक्रार कंपनीकडे पाठवतं आणि उत्तरावर लक्ष ठेवतं. पण सहा महिने न मिळालेला ओळवार तक्ता इथून मिळून जातो, हा अनुभव बऱ्याच जणांचा आहे. निवाड्यासाठी नाही, तर कारणं मिळवायला हे पोर्टल वापरा.

निवाडा हवा असेल तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुणे दोन्ही ठिकाणी कार्यालय आहे, तक्रार cioins.co.in वरून ऑनलाइनही करता येते. फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना वकिलाला उभंच राहता येत नाही. ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात. दोन अटी मात्र पाळाव्या लागतात. आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी आणि तिचं उत्तर असमाधानकारक असावं किंवा ३० दिवस उत्तर आलेलं नसावं. आणि कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जायला हवं. तेच प्रकरण ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत.

लोकपालांसमोर तुमची बाजू उभी राहते ती त्या पहिल्या पत्रावर. तिथे वरच्यासारखा एक पानाचा हिशोब ठेवला, की चर्चा २१,७५० वर येते. नुसतं "माझे पैसे अन्यायाने कापले" म्हटलं, तर चर्चा पॉलिसीच्या ६० पानांवर भरकटते.

ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, मुदत दोन वर्षं. पण वीस-पंचवीस हजारांच्या कपातीसाठी मी तरी आधी लोकपालांकडेच जायला सांगेन.

कंपनी सरकारी आहे. माहिती अधिकार वापरता येईल?

येईल. न्यू इंडिया, युनायटेड इंडिया, ओरिएंटल आणि नॅशनल या चार सरकारी सामान्य विमा कंपन्या माहिती अधिकाराखाली येतात. १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत. "माझा क्लेम का कापला" असा प्रश्न विचारू नका, कारण या कायद्याखाली असलेले कागद मिळतात, नवीन स्पष्टीकरण तयार करून मिळत नाही. क्लेमच्या फाइलमधील मूल्यांकनाची नोंद, टीपीएची शिफारस आणि कपातीचा हिशोबाचा कागद यांच्या प्रती मागा. खासगी कंपनीला हा अर्ज लागू नाही.

माझी पॉलिसी ऑफिसने काढलेली गट विम्याची आहे. मी लिहायचं की एचआरने?

तुम्ही लिहू शकता, विमा संरक्षण तुमचं आहे. पण गट पॉलिसीच्या अटी कंपनी आणि मालक यांनी वाटाघाटीने ठरवलेल्या असतात. रूम रेंटची मर्यादा, को-पे आणि कधीकधी प्रमाणशीर कपात लागूच नाही अशी सवलतही त्यात असू शकते. त्या अटींचा कागद तुमच्याकडे नसतो, एचआरकडे असतो. आधी तो मागवा. काही वेळा कपात कंपनीने तिच्या नेहमीच्या पॉलिसीप्रमाणे केलेली असते आणि गट पॉलिसीत ती अटच नसते. अशा वेळी त्या पानाची प्रत जोडून पाठवलेली मेल एचआर आणि ब्रोकर दोघांना टाका. नूतनीकरण डोक्यावर असलेल्या ब्रोकरचा फोन कंपनीत आपल्यापेक्षा लवकर उचलला जातो.